रुग्णालयातील वृद्धांचे कुपोषण : नोंद आणि आहार

किनवट, मुखेड, देगलूर या भागांतील वृद्ध रुग्ण नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात येतात, तर निलंगा, औसा, उदगीर येथील लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत. येताना त्यांची तक्रार ताप, दमा वा मोडलेल्या हाडाची असते. 'अंगात काही राहिले नाही' हे नातेवाइकांचे वाक्य मात्र वार्धक्याचा परिणाम म्हणून सोडून दिले जाते. पुष्कळदा ते कुपोषणाचे लक्षण असते. अशा रुग्णाची जखम उशिरा भरते, स्नायू झिजतात आणि आजार बरा झाला तरी तो अंथरुणातून उठू शकत नाही. म्हणून दाखल झाल्यापासून एकदोन दिवसांत आहारतज्ज्ञाने पोषणाची चाचणी घेऊन केसपेपरवर नोंद करणे आवश्यक ठरते.

सहा प्रश्नांची चाचणी

वृद्धांसाठी 'मिनी न्यूट्रिशनल असेसमेंट' या चाचणीचे संक्षिप्त रूप जगभर वापरले जाते. तीत सहा बाबी पाहतात : तीन महिन्यांत खाणे कमी झाले काय, वजन घटले काय, हालचाल कितपत आहे, मोठा आजार वा मानसिक आघात झाला काय, स्मृतिभ्रंश वा नैराश्य आहे काय, आणि उंचीच्या मानाने वजन किती. एकूण गुण १४ असतात. १२ वा अधिक गुण म्हणजे पोषण ठीक, ८ ते ११ म्हणजे धोका आणि ७ वा त्याहून कमी म्हणजे कुपोषण.

पाठीला बाक आलेल्या व्यक्तीची उंची नीट मोजता येत नाही. अशा वेळी गुडघा काटकोनात वाकवून पोटरीचा सर्वांत रुंद भागी घेर मोजतात. तो ३१ सेंटिमीटरहून कमी असल्यास शून्य, अन्यथा ३ गुण देतात. पायाला सूज असेल तर मात्र हे माप फसवे ठरते. त्यामुळे प्रथम बोटाने दाबून खड्डा पडतो काय हे पाहावे.

एक उदाहरण

न्यूमोनियाने दाखल झालेल्या सत्तर वर्षांच्या एका शेतमजूर स्त्रीचे उदाहरण घेऊ. तिचे खाणे निम्म्यावर आले आहे : १ गुण. पूर्वीचे वजन ठाऊक नाही : १. ती घरात फिरते, बाहेर जात नाही : १. गंभीर आजार आहे : ०. स्मरण व मन ठीक : २. पोटरी २८ सेंटिमीटर, सूज नाही : ०. बेरीज ५ होते. म्हणजे कुपोषण स्पष्ट आहे. खुर्चीच्या काट्यावर तिचे वजन ३८ किलो भरते.

आजारी वृद्धास दर किलो वजनामागे दररोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने आणि सुमारे ३० उष्मांक लागतात. या हिशेबाने तिला ४६ ते ५७ ग्रॅम प्रथिने आणि सुमारे ११४० उष्मांक हवेत. एका वेळी जास्त खाववत नसल्याने हा आहार सहा वेळा विभागावा.

सकाळी २०० मिलिलिटर दुधात १० ग्रॅम दूधभुकटी घालून द्यावी. यातून १० ग्रॅम प्रथिने मिळतात. नाश्त्याला ३० ग्रॅम मूगडाळीचे मऊ धिरडे : ७ ग्रॅम. दुपारी ४० ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी ३० ग्रॅम तूरडाळीच्या घट्ट वरणात कुस्करून, सोबत १०० ग्रॅम दही : सुमारे १३ ग्रॅम. चार वाजता उकडलेले अंडे : ६ ग्रॅम. रात्री तांदूळ व मूगडाळीची तूप घातलेली मऊ खिचडी : ८ ग्रॅम. झोपताना पुन्हा २०० मिलिलिटर दूध : ६ ग्रॅम. एकूण सुमारे ५० ग्रॅम. अंडे वर्ज्य असल्यास ताकात कालवलेले २५ ग्रॅम फुटाण्यांचे पीठ द्यावे.

कोठे चुकते

तुरीच्या डाळीसाठी प्रसिद्ध असलेल्या लातूर भागातही आजाऱ्याला वरणाचे केवळ वरचे पाणी पाजतात. त्यात डाळ फारशी नसल्याने प्रथिनेही फारशी नसतात. दुसरी चूक म्हणजे ताट उचलताना कोणी पाहत नाही. म्हणून प्रत्येक जेवण पूर्ण, अर्धे की पाव खाल्ले, हे परिचारिकेने वा नातेवाइकाने लिहावे. सलग तीन दिवस निम्म्याहून कमी खाल्ले जात असेल, तर दातांची अडचण, तोंड येणे, गिळताना ठसका वा एखादे औषध यांपैकी कारण शोधून आहार बदलावा. वजन दर आठवड्यास घ्यावे.

दोन मर्यादा ध्यानात ठेवाव्यात. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांनी ठरवावे. पाच दिवसांहून अधिक काळ जवळजवळ उपाशी असलेल्या रुग्णास एकदम पूर्ण आहार दिल्यास रक्तातील फॉस्फेट व पोटॅशियम घसरून हृदयाला धोका होतो. त्याला पहिले दोन दिवस निम्म्याहून अधिक आहार देऊ नये, थायमिन आधी द्यावे व रक्त तपासत राहावे. उदाहरणातील स्त्रीचे खाणे बंद पडलेले नव्हते. त्यामुळे तिला पूर्ण आहार पेलण्याजोगा आहे.

घरी जाताना हाच आहार वाटी-चमच्याच्या मापात मराठीत लिहून द्यावा आणि गुणांची नोंद सोबत जोडावी. गावातील आशा कार्यकर्तीला महिन्याने तेच वजन व तोच पोटरीचा घेर पुन्हा मोजून पाहता येईल. माप घटलेले आढळल्यास वृद्धास अंथरुण धरण्यापूर्वीच रुग्णालयात आणता येते.