गणित सोडलेल्या मुलीला आयसीयूतला हिशेब जमेल का?

‘गणित नको म्हणून तर हिने बायॉलॉजी घेतलं, आणि आता नर्सिंगलाही गणित लागतं म्हणतात!’ बी.एस्सी. नर्सिंगचा विचार करणाऱ्या मुलींच्या आयांकडून ही काळजी मी नेहमी ऐकते. गणित लागतं, हे खरं आहे. ते कोणत्या पातळीचं, हे एका औषधावरून दाखवते.

आयसीयूत रुग्णाचं बीपी खाली गेलं आहे. डॉक्टर लिहितात: डोपामिन, दर किलोला मिनिटाला 5 मायक्रोग्रॅम. रुग्णाचं वजन 50 किलो. साध्या सिरिंज पंपावर मात्र तासाला किती मिलिलिटर, एवढंच भरता येतं. मधला हिशेब सिस्टरचा.

आधी औषध किती लागेल ते काढायचं. 5 गुणिले 50, म्हणजे मिनिटाला 250 मायक्रोग्रॅम. तासाची 60 मिनिटं, म्हणून 15,000 मायक्रोग्रॅम. हजार मायक्रोग्रॅमचा एक मिलिग्रॅम, तेव्हा तासाला 15 मिलिग्रॅम.

आता सिरिंजमध्ये काय आहे ते पाहायचं. डोपामिनच्या 5 मिलिलिटरच्या अँप्युलमध्ये 200 मिलिग्रॅम औषध असतं. त्यात 45 मिलिलिटर सलाईन घातलं की 50 मिलिलिटर होतात आणि प्रत्येक मिलिलिटरमध्ये 4 मिलिग्रॅम येतं. 15 भागिले 4, उत्तर 3.75. पंपावर तासाला 3.75 मिलिलिटर.

यात गुणाकार-भागाकारापलीकडे काही नाही. मुली चुकतात त्या वेगळ्याच जागी. 60 ने गुणायचं राहिलं, तर उत्तर 0.06 च्या आसपास येतं. इतका बारीक आकडा दिसला की हात थांबायला हवा. 45 ऐवजी 50 मिलिलिटर सलाईन घातलं, तर एकूण 55 होतं, आणि त्याच वेगाने रुग्णाला 5 ऐवजी साधारण 4.5 मायक्रोग्रॅमच मिळतं. मला सर्वांत जास्त भीती वाटते ती तिसऱ्या चुकीची. रात्रपाळीच्या सिस्टरने दोन अँप्युल घालून 50 मिलिलिटरची दुप्पट कडक सिरिंज भरली आणि सकाळच्या सिस्टरने लेबल न वाचता जुनाच 3.75 चा वेग ठेवला, तर डोस थेट 10 मायक्रोग्रॅमवर जातो. नाडी वाढते, ठोके अनियमित होऊ शकतात. पंप मात्र ओरडत नाही, कारण त्याच्या दृष्टीने सगळं ठीक चाललेलं असतं.

म्हणून मी विद्यार्थिनींना उलटा हिशेबही करायला लावते. 3.75 गुणिले 4 म्हणजे 15 मिलिग्रॅम. त्याचे 15,000 मायक्रोग्रॅम. भागिले 60, मग भागिले 50. पुन्हा 5 आलं, तरच पंप सुरू. शिवाय दुसऱ्या सिस्टरने हाच हिशेब स्वतंत्रपणे करायचा, पहिलीचं उत्तर न बघता.

काही नव्या पंपांवर वजन आणि डोस भरला की वेग आपोआप निघतो. पण सिरिंजमध्ये एक अँप्युल आहे की दोन, हे त्या पंपालाही सिस्टरनेच सांगावं लागतं.