प्लंबर येणार, मालक परगावी: शेजारच्या काकूंना चावीचा निरोप कसा द्यावा

माजलगावात घर आणि नोकरीसाठी मुक्काम पुण्यात, अशी कितीतरी कुटुंबं आहेत. घराच्या चावीचा एक जोड शेजारच्या काकूंकडे असतो. एक दिवस त्यांचाच फोन येतो, "मागच्या न्हाणीघराची भिंत बाहेरून ओली दिसतेय, बघ बाबा." अहिल्यानगर, बीड करत गावी पोचायला सहा-सात तास लागतात आणि रजा लगेच मिळत नाही. मग प्लंबर ठरवायचा, काकूंना निरोप पाठवायचा आणि काम करून घ्यायचं. हा निरोप घाईत लिहिला तर दिवसभराचा ताप काकूंना होतो.

निरोपाची कसोटी एकच आहे. तो वाचल्यावर काकूंना स्वतःहून काहीही ठरवावं लागू नये. दार उघडणं, फोन लावून देणं आणि कुलूप लावणं एवढंच त्यांच्याकडे असावं. बाकीचे सगळे निर्णय मालकाने आधी घेऊन ठेवायचे.

निरोपाआधी हे करा

आधी प्लंबरशी बोला, मग काकूंशी. काकूंनी काढलेला ओलीचा फोटो प्लंबरला पाठवा. पाईपचा काही भाग उघडा दिसत असेल तर त्यावरची छापील अक्षरंही फोटोत येऊ द्या. पाईप कोणत्या जातीचा आणि किती इंची आहे, पाऊण की एक, हे त्यावर बहुतेक वेळा लिहिलेलं असतं. एवढं कळलं की प्लंबर एल्बो, कपलिंग आणि पाईप चिकटवायचं सोल्युशन सोबत घेऊन येतो. नाहीतर अर्ध्या तासात "सामान घेऊन येतो" म्हणून तो निघतो आणि उघड्या घरात काकू त्याची वाट बघत बसतात. चावीचे बहुतेक घोळ याच मधल्या वेळात होतात.

चावी दोन दिवस लागणार हे धरून चाला. भिंतीतला पाईप जोडला की लगेच भिंत बुजवायची नसते. सोल्युशनने चिकटवलेला सांधा वाळायला वेळ द्यावा लागतो. किती, ते डब्यावर लिहिलेलं असतं आणि हवेनुसार ते कमीजास्त होतं. ओला सांधा पाण्याच्या दाबाखाली आला तर आतून हळूहळू झिरपतो, वरून मात्र काही दिसत नाही. म्हणून पहिल्या दिवशी जोडणी करून टाकीचा कॉक रात्रभर बंद ठेवायचा. दुसऱ्या दिवशी कॉक उघडून, सांध्याखाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद ठेवून तासभर थांबायचं. कागद कोरडा राहिला तरच सिमेंट लावायचं. काकूंना दोन्ही दिवस एकदमच सांगा. काम संपलं असं त्यांना वाटलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दार वाजलं, तर त्यांचा दिवस मोडतो.

टाकीत पाणी असेल याची व्यवस्था करा. गळतीमुळे बंद घरातली टाकी रिकामी झालेली असते आणि रिकाम्या टाकीवर गळती सापडत नाही. नळाला एक-दोन दिवसांआड पाणी येणाऱ्या वस्तीत पाण्याच्या दिवसाच्या दुसऱ्या दिवशी प्लंबर बोलवावा, म्हणजे हौदात पाणी असतं. मोटार मात्र प्लंबरने आल्यावर हौद बघून सुरू करावी. कोरड्या हौदावर मोटार चालली तर ती जळते. ही जबाबदारी काकूंवर नको.

चाव्यांना खुणा करा. सुट्टीत गावी जाल तेव्हाच गेटच्या चावीला लाल दोरा आणि मागच्या दाराच्या चावीला पिवळा दोरा बांधून ठेवा. आतल्या खोल्यांच्या आणि कपाटाच्या चाव्या त्या जुडग्यात ठेवूच नका. ते राहून गेलं असेल तर काकूंना जुडग्याचा फोटो पाठवायला सांगा. त्यावर कोणत्या दोन चाव्या लागणार ते खूण करून परत पाठवा.

निरोप असा लिहा

समजा प्लंबर बुधवारी येणार आहे. आधी काकूंना फोन करून त्यांना जमेल का ते विचारा. त्यांच्या घरी काही कार्य असेल किंवा त्या शेतावर जाणार असतील तर दिवस तुम्ही बदला. त्या हो म्हणाल्या की मग हे लिहून पाठवा:

> काकू, नमस्कार. बोलल्याप्रमाणे लिहून पाठवतोय.
>
> बुधवारी सकाळी १० ते १०:३० च्या दरम्यान प्लंबर येईल. तो दारात आला की मला फोन करील आणि मग मी तुम्हाला करीन. माझा फोन येईपर्यंत गेट उघडू नका.
>
> लाल दोऱ्याची चावी गेटची, पिवळ्या दोऱ्याची मागच्या दाराची. या दोनच लागतील. काम फक्त मागच्या न्हाणीघरात आहे.
>
> टाकीचा कॉक आणि मोटार तो स्वतः बघेल. तुम्ही जिना चढू नका.
>
> आणखी फरशी फोडावी लागेल असं तो म्हणाला तर मला व्हिडिओ कॉल लावून द्या. पाईप जोडला की भिंत उघडी असतानाच एक फोटो पाठवा.
>
> तो सामान आणायला गेला तर कुलूप लावून तुम्ही घरी जा. आला की मी पुन्हा फोन करीन.
>
> पैसे मी त्याला फोनवरून देईन. तुम्ही काही देऊ नका.
>
> १२ पर्यंत आला नाही तर वाट बघू नका.
>
> गुरुवारी सकाळी ९ वाजता तो भिंत बुजवायला येईल, साधारण दोन तासांचं काम आहे. दोन्ही दिवस चावी तुमच्याकडेच राहू द्या. तुम्हाला जमणार नसेल तर मोकळेपणाने सांगा, मी दिवस बदलतो.

या निरोपात दोन वाक्यं सर्वात मोलाची आहेत. पहिलं, "माझा फोन येईपर्यंत गेट उघडू नका." प्लंबरला तुम्ही ओळखता, काकू नाही. पिशवीत पाने घेऊन आलेला माणूस तोच आहे का, हे त्यांनी कशावरून ठरवायचं? प्लंबरने आधी मालकाला फोन करायचा आणि मालकाने काकूंना, हा क्रम राहिला की ओळख पटवण्याचा भार तुमच्यावर राहतो. दुसरं वाक्य भिंत उघडी असतानाच्या फोटोचं. एकदा सिमेंट लागलं की सांधा कसा जोडला, नवा तुकडा घातला की जुन्यावरच काहीतरी लेपून दिलं, हे कोणालाच सांगता येत नाही. पुढे पुन्हा ओल आली तर पाईप नेमका कुठून गेला आहे, हेही त्या फोटोवरून कळतं. फोटोत नळाची तोटी किंवा खिडकीचा कोपरा येऊ द्यावा, म्हणजे जागा ओळखता येते.

काकू वयस्कर असतील, वाचणं त्रासाचं होत असेल, तर हाच मजकूर त्यांच्या मुलाला किंवा सुनेलाही पाठवा. आदल्या संध्याकाळी पुन्हा एक फोन करा.

हे टाळा

चावी प्लंबरच्या हातात देऊ नका. "दोन दिवस येणारच आहे, त्याच्याकडेच राहू दे" हे सोयीचं वाटतं. पण मग घर कधी उघडलं, कोण आत गेलं आणि मागचं दार नीट लागलं का, हे कोणालाच माहीत नसतं. प्लंबर कितीही ओळखीचा असला तरी त्याच्यासोबत येणारा पोरगा दरवेळी तोच नसतो. नंतर काही हरवलं तर भल्या माणसावर विनाकारण संशय येतो, त्यामुळे प्लंबरच्या दृष्टीनेही चावी काकूंकडेच असलेली बरी. कुंडीखाली किंवा मीटरच्या पेटीवर चावी ठेवणं तर नकोच, त्या जागा सगळ्यांना ठाऊक असतात.

गल्लीच्या ग्रुपवर निरोप टाकू नका. "आम्ही महिनाभर नाही, बुधवारी घर कोणी उघडून देईल का?" हा मजकूर पुढे कोणाकोणाकडे जाईल याचा नेम नाही. निरोप एकाच माणसाला, खाजगीत पाठवा.

"सकाळी कधीतरी येईल" असं लिहू नका. काकूंना देवपूजा आहे, स्वयंपाक आहे, दळण आहे. अर्ध्या तासाची वेळ द्या, आणि कधीपर्यंत थांबायचं हेही सांगा. प्लंबरला उशीर होणार असेल तर तो काकूंना नाही, तुम्हाला सांगेल, हे त्याच्याशी पक्कं करून ठेवा. तुम्हीही त्या दिवशी फोन जवळ ठेवा. मीटिंगमध्ये फोन उचलता येणार नसेल तर तो दिवस ठरवूच नका.

काकूंना पैसे द्यायला लावू नका. "तुम्ही द्या, मी नंतर पाठवतो" म्हटलं की मजुरी वाजवी आहे का, हा प्रश्न त्यांच्या गळ्यात पडतो. मजुरी आणि सामानाचा अंदाज प्लंबरशी आधीच बोलून घ्या. त्यापेक्षा जास्त लागलं तर तो तुमच्याशी बोलेल, हेही सांगून ठेवा. सामानाच्या बिलाचा फोटो मागवा. मजुरीतला काही भाग गुरुवारी भिंत बुजल्यावर द्या, म्हणजे दुसरी फेरी चुकत नाही.

जुना कॉक काकूंना फिरवायला सांगू नका. गच्चीवरचे चाकाचे जुने कॉक क्षाराने आणि गंजाने धरलेले असतात. जोर लावला की दांडा तुटतो आणि टाकीचं पाणी बंद करायची सोयच जाते. कॉक फिरत नसेल तर प्लंबरने तो बदलायचा की टाकी रिकामी करून काम करायचं, हे तुम्ही त्याच्याशी फोनवर ठरवा.

काकूंना बंद घरात एकट्याने थांबायला लावू नका. गेट आणि मागचं दार काम चालू असताना उघडं असावं. त्यांनी आपल्या ओट्यावरून लक्ष ठेवलं तरी पुरेसं आहे. घरात कोणी सोबतीला असेल तर उत्तम.

व्हॉइस मेसेजवर भागवू नका. दहाची वेळ आणि पिवळा दोरा ऐन दारात आठवायचे असतात. तेव्हा तीन मिनिटांचं रेकॉर्डिंग पुन्हा कोण ऐकणार?

गुरुवारी काम संपलं की प्लंबर निघण्याआधी व्हिडिओ कॉलवर तीन गोष्टी बघून घ्या. मोटारीचं बटण बंद, टाकीचा कॉक बंद आणि न्हाणीघराच्या जाळीत सिमेंटचा राडा अडकलेला नाही. घर पुन्हा बंदच राहणार असेल तर टाकीचा कॉक उघडा ठेवायचं काही कारण नाही. भिंतीतली जुनी ओल वाळायला मात्र काही आठवडे जातात. तेवढ्यात "अजून ओलंच दिसतंय" म्हणून काकूंचा फोन आला तर घाबरू नका. पंधरा दिवसांच्या अंतराने काढलेले दोन फोटो शेजारी ठेवून बघा. डाग आकसत असेल तर जुनीच ओल वाळतेय, कॉक बंद असूनही तो पसरत असेल तर पाणी दुसरीकडून येतंय.