गूळ, खांडसरी आणि साखर : उताऱ्याची तुलना कशी लिहावी?

प्रश्न : शंभर टन उसापासून गूळ आणि साखर जवळपास सारखीच मिळते, तर खांडसरीचा उतारा कमी का?

उत्तर : शंभर टन उसापासून साधारण दहा टन गूळ आणि जवळपास तेवढीच कारखान्याची साखर मिळते, परंतु हे आकडे शेजारी मांडून थांबणारे उत्तर अपुरे ठरते, कारण गुळात सुक्रोजबरोबर पाणी, क्षार आणि ग्लुकोज-फ्रुक्टोजही असते. गुऱ्हाळात रस उघड्या काहिलीत सुमारे ११८ अंश सेल्सिअसपर्यंत आटवला जातो. या उष्णतेत, विशेषतः रस आम्ल असल्यास, सुक्रोजचे विघटन होऊन स्फटिक न बनणाऱ्या या दोन शर्करा तयार होतात, म्हणजेच प्रतीपन घडते. गुळात मळी वेगळी काढली जात नसल्याने त्या शर्करा वजनात टिकतात, मात्र त्यांचे प्रमाण वाढल्यास ढेप मऊ पडते व पावसाळ्यात पाझरते.

खांडसरीत रस उघड्यावरच आटवून स्फटिक बनवले जातात आणि अपकेंद्री यंत्राने मळी वेगळी केली जाते, त्यामुळे प्रतीपनाचा तोटा थेट उताऱ्यात दिसतो आणि तो बहुधा सहा-सात टक्क्यांवर थांबतो. कारखान्यात निर्वात कढईत सुमारे ६५ ते ७० अंशांवर स्फटिकीकरण होत असल्याने हा तोटा बराच टळतो. महाराष्ट्रातील बहुतेक कारखान्यांची गंधकप्रक्रियेची साखर काटेकोर अर्थाने ‘रिफाइंड’ नसते, हा भेद उत्तरपत्रिकांत हमखास सुटतो. रिफाइंड साखरेसाठी कच्ची साखर विरघळवून, रंगहीन करून पुन्हा स्फटिकरूपात आणावी लागते.