‘१-०-१’ म्हणजे नक्की किती वाजता?

आईचं डिस्चार्ज कार्ड चार पानांचं होतं. पहिल्या तीन पानांवर इको, क्ष-किरण, सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन आणि कोणत्या दिवशी कोणतं इंजेक्शन दिलं याची जंत्री. घरी गेल्यावर काय करायचं, ते चौथ्या पानाच्या तळाशी होतं. तिथे सात औषधांचा तक्ता होता आणि खाली तीन वाक्यं: ‘मीठ कमी. पाणी मर्यादित. त्रास झाल्यास दाखवणे.’ असं कार्ड मुख्यतः पुढच्या डॉक्टरसाठी आणि विमा कंपनीसाठी लिहिलेलं असतं. घरात गोळ्या काढून देणाऱ्या माणसाच्या वाट्याला उरलेली जागा येते.

आईला हार्ट फेल्युअर होतं. नाव ऐकून पोटात गोळा येतो, पण त्याचा अर्थ हृदय बंद पडलं असा नाही. रक्त पुढे ढकलण्याची हृदयाची ताकद कमी पडते, अंगात पाणी साचतं, पाय सुजतात आणि आडवं झालं की दम लागतो. ते पाणी लघवीवाटे काढायला टॉर्सेमाइड नावाची गोळी देतात. घरोघरी तिला ‘लघवीची गोळी’च म्हणतात. आईच्या कार्डावर ती अशी होती: टॉर्सेमाइड १० मिलिग्रॅम, १-०-१.

१-०-१ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. सगळ्या महाराष्ट्राला हे पाठ आहे. त्याप्रमाणे आई रात्रीची गोळी जेवणानंतर घ्यायची आणि मग तीन-तीनदा उठायची. शिवाय हॉस्पिटलात जाण्याआधी पायाच्या सुजेवर फॅमिली डॉक्टरांनी फ्युरोसेमाइड ४० मिलिग्रॅम दिली होती, तीही तिच्या डब्यात होती. ती बंद केली असं कार्डावर कुठेच नव्हतं. ही नाव वेगळं, पाकीट वेगळं असलेली दुसरी लघवीची गोळी. आई दोन्ही घेत राहिली. एका रात्री बाथरूमच्या दारात तिला चक्कर आली आणि कपाळ उंबऱ्यावर आपटलं. टाके पडले, हाड वाचलं. कॅज्युअल्टीत वरचा रक्तदाब नव्वदच्या खाली होता, क्रिएटिनिन वाढलेलं होतं. तिथल्या तरुण डॉक्टरांनी ‘घरातल्या सगळ्या गोळ्या आणा’ म्हटलं, दोन पाकिटं शेजारी ठेवली आणि काय ते कळलं. अंगातलं पाणी गरजेपेक्षा जास्त निघून गेलं होतं.

राउंडवर मोठ्या डॉक्टरांनी ‘दिवसातून दोनदा, सकाळ-दुपार’ असं सांगितलेलं मला आठवतं. केसपेपरवर त्याचं ‘बीडी’ झालं, म्हणजे दिवसातून दोनदा. संगणकात बीडीला ठरलेला साचा १-०-१ होता, तो छापून आला. शेवटी सही करणाऱ्याने सात ओळींवरून नजर फिरवली असेल. दोष कुणाचा हे शोधण्यात फार अर्थ नाही. पण प्रत्येक कार्ड याच वाटेने जातं, हे मात्र तेव्हापासून मी विसरत नाही.

दुसऱ्या वेळी घरी सोडताना मी कार्ड आधी मागितलं. सकाळी राउंडवर ‘आज सोडू’ म्हणतात आणि मेडिक्लेमची मंजुरी येईपर्यंत संध्याकाळ होते. हे मधले तास बिलाच्या काउंटरसमोर बसून घालवण्यापेक्षा कार्डाचा कच्चा मसुदा मागून घ्यावा. छापील प्रत सही होऊन हातात आली की कुणालाच ती बदलायची नसते.

पहिलं काम वेळांचं. तक्त्यातल्या प्रत्येक गोळीपुढे मी पेन्सिलीने घड्याळातली वेळ लिहिली आणि ती यादी सिस्टरना वाचून दाखवली: ‘टॉर्सेमाइड सकाळी आठ आणि दुपारी दोन, बरोबर?’ लघवीची दुसरी गोळी साधारण चारच्या आत घेतात, म्हणजे रात्रीची झोप मोडत नाही. त्यांनी डॉक्टरांना फोन केला आणि कार्डावर १-१-० आलं. नुसतं ‘समजलं ना?’ विचारलं तर आपण सगळेच मान डोलावतो. आपल्या तोंडाने उलट सांगून दाखवलं की चूक कुठे आहे ते दोन्ही बाजूंना दिसतं.

‘जेवणाआधी’ हेही अपुरं आहे. आईची मधुमेहाची ग्लिमेपिराइड सकाळच्या पहिल्या खाण्यासोबत किंवा त्याच्या जरा आधी घ्यायची असते. पण ती गोळी घेऊन आंघोळ, पूजा आणि मग दहाला नाश्ता, हा आईचा क्रम. त्यात चतुर्थी आली तर खाणं थेट चंद्रोदयानंतर. पोटात काही नसताना ही गोळी साखर धोक्याइतकी खाली आणू शकते. म्हणून उपवासाच्या दिवशी काय करायचं हे विचारून त्याच ओळीत लिहून घेतलं. डॉक्टरांनी आईला थेट सांगितलं, ‘आजी, या आजारात उपवास नको. देवाला मी सांगतो.’ माझ्या सांगण्याने जे दहा वर्षांत झालं नसतं, ते त्या वाक्याने झालं.

रोजची नसलेली गोळी असेल तर तिच्यापुढे वारच लिहून घ्यावा. संधिवातासाठी देतात ती मेथोट्रेक्झेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती रोज घेतली गेली तर रक्तपेशी झपाट्याने घटतात आणि जिवावर बेतू शकतं. ‘आठवड्यातून एकदा’ एवढं पुरत नाही, ‘फक्त रविवारी’ असं हवं.

दुसरं काम जुन्या डब्याचं, आणि माझ्या मते कार्डातली सगळ्यात मोठी पोकळी इथेच असते. कार्ड नवीन औषधं सांगतं, घरातल्या जुन्यांबद्दल गप्प राहतं. मी आईचा अख्खा डबा पिशवीत घालून वॉर्डात नेला. आरएमओंसमोर एकेक पाकीट काढलं आणि प्रत्येकाला तीनपैकी एकच शेरा मागितला: चालू, बंद, की मात्रा बदलली. फ्युरोसेमाइडपुढे ‘बंद’ आलं, रक्तदाबाच्या एका गोळीपुढे ‘अर्धी’. पाकिटावरच्या मोठ्या, रंगीत नावाकडे पाहू नका. त्याखाली बारीक अक्षरात घटकाचं नाव असतं, जुळवायचं ते. मेडिकलवाला ‘तेच आहे, कंपनी वेगळी’ म्हणून दुसरं पाकीट देतो तेव्हाही हीच ओळ कामाला येते. काही गोळ्यांत दोन घटक एकत्र असतात, आणि त्यातला एक घरातल्या दुसऱ्या पाकिटात वेगळा सापडतो.

मग ती तीन वाक्यं. ‘मीठ कमी’ म्हटल्यावर माझ्या भावाने मोठ्या काळजीने लो-सोडियम मीठ आणलं होतं. या मिठात सोडियमचा काही भाग काढून त्या जागी पोटॅशियम क्लोराइड घालतात. आईला स्पायरोनोलॅक्टोन चालू होती, आणि ही गोळी शरीरात पोटॅशियम धरून ठेवते. दोन्ही एकत्र आली, त्यात मूत्रपिंड थकलेलं असलं, तर पोटॅशियम इतकं वाढू शकतं की हृदयाचे ठोके बिघडतात. पाकीट फोडण्याआधी मी विचारलं म्हणून बरं. ‘मीठ कमी’चं आम्ही डॉक्टरांकडून असं करून घेतलं: साधंच मीठ, स्वयंपाकात निम्मं, वरून नाही, लोणचं, पापड, फरसाण बंद, लो-सोडियम मीठ वापरू नये. ‘पाणी मर्यादित’चं झालं ‘दिवसाला दीड लिटर, चहा, ताक, आमटी धरून’. हा आकडा आईपुरता आहे, दुसऱ्याला वेगळा असू शकतो, काहींना बंधन नसतंही. आकडा असावा, एवढाच मुद्दा. गुडघेदुखीवर घरात असणाऱ्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांबद्दलही विचारलं. त्यांनी अंगात पाणी साठतं आणि मूत्रपिंडावर ताण येतो, म्हणून ‘विचारल्याशिवाय नको’ हे लिहून मिळालं.

राहिलं ‘त्रास झाल्यास दाखवणे’. त्रास म्हणजे कोणता आणि दाखवायचं म्हणजे किती तासांत? एनएबीएच ही रुग्णालयांना मानांकन देणारी संस्था. तिच्या निकषांतच आहे की डिस्चार्ज समरीत तातडीची मदत कधी आणि कशी घ्यायची हे असावं, आणि सूचना समजतील अशा असाव्यात. कुणी कुरकुर केली तर शांतपणे एवढं सांगावं. मला एकदाच सांगावं लागलं.

डॉक्टरांनी दोन भाग करून दिले. त्याच दिवशी फोन करायचा तो यासाठी: तीन दिवसांत वजन दोन किलोनं किंवा जास्त वाढलं, पायाची सूज वर चढली, झोपताना नेहमीपेक्षा एक उशी जास्त लागू लागली, रात्री कोरडा खोकला येऊ लागला. फोनची वाट न पाहता १०८ला फोन करून दवाखाना गाठायचा तो यासाठी: बसल्या जागी धाप, छातीत दुखणं किंवा दाब, शुद्ध हरपणं, ओठ निळसर पडणं. वजन रोज सकाळी, लघवी करून, चहाच्या आधी, तशाच कपड्यांत, एकाच काट्यावर. वजनाला इतकं महत्त्व का, हे मला तेव्हा कळलं: सूज डोळ्यांना दिसण्याआधी साठलेलं पाणी काट्यावर दिसतं.

आईचा अपघात मात्र उलट दिशेचा होता. ती बाजू कार्डावर बहुतेक नसतेच, म्हणून मी ती वेगळी मागितली. वजन सारखं घटत चाललं, उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी आली, तोंडाला कोरड पडली, लघवी फार कमी झाली, किंवा उलट्या-जुलाब लागले, तर लघवीची गोळी आणि स्पायरोनोलॅक्टोन तशाच रेटायच्या नाहीत, त्याच दिवशी विचारायचं. कोणती थांबवायची आणि किती दिवस, हे डॉक्टरच ठरवतात. ‘पुन्हा दाखवा’च्या ओळीत पोटॅशियम आणि क्रिएटिनिनची तपासणी कोणत्या तारखेला, हेही घालून घेतलं. पहिल्या कार्डावर भेटीची तारीख होती, तपासणीची नव्हती.

कार्डाच्या माथ्यावर एक फोन नंबर छापलेला असतो. तो मी वॉर्डातूनच लावून पाहिला. तो बिलिंगला लागला आणि तिथल्या बाईंनी सांगितलं की सहानंतर इथे कुणी नसतं. मग सिस्टरनी कॅज्युअल्टीचा थेट नंबर चौथ्या पानावर हाताने लिहिला, खाली वॉर्डाचा शिक्का मारला, आणि म्हणाल्या, ‘फोन केल्यावर आधी औषधांची नावं वाचा, मग त्रास सांगा. आम्हाला फाइल शोधायला वेळ लागतो.’