बाईंचे बारा लाख

ऑगस्ट २०२२ मध्ये आमच्या तालुक्याच्या गावातल्या वाचनालयाला एका निवृत्त शिक्षिकेने बारा लाखांचा धनादेश दिला. वाचनालय सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेलं आहे. वरच्या मजल्यावर स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी अभ्यासिका व्हावी आणि तिला यजमानांचं नाव असावं, एवढंच त्यांच्या पत्रात होतं. मी तेव्हा मंडळात नव्हतो. बँकेतून निवृत्त झाल्यावर, मार्च २०२४ मध्ये, खजिनदारकी माझ्याकडे आली आणि पाठोपाठ बाईही आल्या. तक्रार करायला नव्हे, अभ्यासिका बघायला. ती बरीचशी झाली होती. जिना उतरताना त्यांनी सहज विचारलं, "आता किती उरलेत हो त्यातले?"

चिटणीस म्हणाले, आठ लाख नव्वद हजार खर्च झाले, म्हणजे तीन लाख दहा हजार शिल्लक. मी पासबुक काढलं. संस्थेचं एकच बचत खातं, मुदतठेव एकही नाही, आणि खात्यात एक लाख पंच्याऐंशी हजार. शिल्लक सांगितली जाते तीन लाखांच्या वर आणि संस्थेकडे सगळे मिळून दोन लाखही नाहीत! कोणी पैसे खाल्ले नव्हते, हे आधीच सांगतो. आमच्या चिटणिसांसारखा सचोटीचा माणूस शोधून सापडणार नाही. पण बारा लाख आले त्या दिवशी खतावणीत ते 'देणगी' या नेहमीच्या खात्यावर जमा झाले, पावतीवरही नुसतं 'देणगी' एवढंच लिहिलं गेलं. अटीचं पत्र चिटणिसांच्या फाइलमध्ये राहिलं, हिशेबनिसाच्या टेबलापर्यंत गेलंच नाही. वर्षअखेरीला जमाखर्च पत्रकात घसघशीत वाढावा दिसला आणि मंडळाला वाटलं, यंदा हात सैल सोडायला हरकत नाही.

मग सगळी व्हाउचरं काढून बसलो. अभ्यासिकेच्या नावावर टाकलेल्या खर्चात रंगाऱ्याचं ८६,००० रुपयांचं एक बिल होतं. त्यावर 'इमारत रंगकाम' असं लिहिलेलं. चौकशी केली तेव्हा कळलं की रंगारी आलाच आहे तर सगळंच उरकून घेऊ म्हणून खालचा वाचनकक्ष, ग्रंथ देवघेव विभाग, जिना, सगळं रंगवून घेतलं होतं. बिलाप्रमाणे रंगवलेलं क्षेत्रफळ ३,६०० चौरस फूट, त्यात अभ्यासिकेचं ९००. म्हणजे बाईंच्या पैशातून जायला हवे होते २१,५००. उरलेले ६४,५०० संस्थेचे. तसेच मागच्या जुन्या खोलीवर घातलेले पत्रे, ८५,५०० रुपयांचे, तेही अभ्यासिकेत धरले होते. ठेकेदार एकच, म्हणून बिलही एकच. हे दोन्ही वजा केल्यावर खरा खर्च निघाला ७,४०,०००. त्यात दुरुस्ती व पार्टिशन ३,८५,०००, टेबलं-खुर्च्या २,४०,०००, वायरिंग, पंखे आणि इन्व्हर्टर ९३,५००, आणि रंगाचे २१,५००. म्हणजे शिल्लक असायला हवी ४,६०,०००. खात्यात होते १,८५,०००. तूट २,७५,०००.

यातले दीड लाख रंगात आणि पत्र्यांत गेले, हे कळलंच होतं. उरलेले सव्वा लाख पगारात गेले. सरकारी अनुदानाचा हप्ता लांबला की वाचनालयांची काय अवस्था होते, हे या क्षेत्रातल्या कोणालाही सांगायला नको. ग्रंथपाल आणि शिपाई यांचे पगार थकवायचे कसे? खात्यात पैसे दिसत होते, धनादेश निघाले. कोणी ठराव केला नाही, कारण आपण कोणाचे पैसे वापरतोय हे कोणाला दिसतच नव्हतं.

म्हणून माझी पहिली सूचना अगदी सोपी आहे. महिन्याच्या शेवटी संस्थेकडचे सगळे राखीव निधी एका कागदावर मांडा, त्यांची बेरीज करा, आणि बँकेतल्या व ठेवींतल्या एकूण रकमेशी ताडून बघा. निधींची बेरीज बँकेपेक्षा जास्त निघाली, तर देणगीदाराच्या पैशावर संस्था चालली आहे. बँक ताळमेळ दरमहा बरोबर जुळत असला तरी ही गोष्ट त्यात दिसत नाही. आमचा ताळमेळ पैन् पै जुळलेला होता.

आता मुळापासून कसं करावं ते. रक्कम घेण्याआधीच देणगीदाराचं पत्र घ्यावं आणि त्यात चार गोष्टी स्पष्ट असाव्यात: काम कोणतं, किती मुदतीत, पडून असलेल्या रकमेवरचं व्याज कोणाचं, आणि काम संपून उरलं तर काय करायचं. बहुतेक पत्रांत पहिलीच गोष्ट असते. देखरेखीपोटी काही टक्के संस्थेने घ्यायचे असतील, तर तेही तिथेच मान्य करून घ्यावं; नंतर गुपचूप कापू नये. पत्राची प्रत हिशेबनिसाकडे, पावतीवर कामाचं नाव, आणि मंडळाच्या पुढच्या सभेत स्वीकृतीचा ठराव.

खतावणीत ही रक्कम उत्पन्नाच्या खात्यावर जाता कामा नये. बँक खाते नावे, 'अभ्यासिका निधी' खाते जमा, अशी नोंद हवी. धर्मादाय आयुक्तांकडे जो ताळेबंद परिशिष्ट आठच्या नमुन्यात जातो, त्यात न्यासाच्या मूळ निधीखाली इतर निर्धारित निधींसाठी वेगळी जागा असते. हा निधी तिथे. खर्च झाला की तेवढीच रक्कम निधीतून कमी करायची. टॅलीत काम करत असाल तर अभ्यासिकेचं कॉस्ट सेंटर उघडा आणि व्हाउचर भरतानाच ते नाव लावा. वर्षअखेरीला आठवून लावू म्हटलं की रंगाऱ्याचं बिल होतं. ठेकेदाराला आधीच सांगावं की या कामाचं बिल स्वतंत्र दे. जिथे ते जमत नाही, वीजबिलासारखं, तिथे वाटणीचा आधार व्हाउचरच्या मागे लिहून ठेवावा. आधार क्षेत्रफळाचा असो वा पॉइंटांच्या संख्येचा, वर्षभर एकच ठेवावा.

वस्तू खरेदीत एक गफलत हमखास होते. दोन-अडीच लाखांची टेबलं-खुर्च्या घेतली की ती मालमत्तेच्या बाजूला दिसतात, खर्चात येत नाहीत. मग निधी कमी करायचा राहून जातो. कागदावर निधी तसाच भरलेला, आणि पैसे तर फर्निचरवाल्याकडे गेलेले! आम्ही आता ते २,४०,००० अभ्यासिका निधीतून काढून 'मालमत्ता निधी' अशा वेगळ्या खात्यावर ठेवतो आणि दरवर्षीचा घसारा तिथून वळता करतो. दुसऱ्या पद्धतीही आहेत. लेखापरीक्षकाला विचारून एक ठरवावी आणि मग ती सोडू नये.

स्वतंत्र बँक खातं काढावं का, हे मला फार जण विचारतात. देशांतर्गत देणगीला सहसा तशी सक्ती नसते. आम्ही काढलं, कारण दिसेल ते खर्च करण्याची सवय मोडायला त्याचा उपयोग होतो. पण नुसत्या खात्याने हिशेब होत नाही. परदेशी देणगीची गोष्ट मात्र पूर्ण वेगळी. तिला केंद्राची परवानगी लागते, ती नवी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच यावी लागते आणि तिच्यात स्थानिक पैसा मिसळता येत नाही. गावातला मुलगा अमेरिकेत आहे, तो पाठवतोय, असं कळलं तर आधी त्याचा पासपोर्ट कोणत्या देशाचा ते विचारा. भारतीय असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असेल, तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. नागरिकत्व बदललं असेल तर धरतात, मग तो कितीही आपला असो.

आयकराचं थोडक्यात. 'अमुक कामासाठी' दिलेली देणगी आपोआप कॉर्पस होत नाही. तशी देणगीदाराची लेखी, स्पष्ट सूचना लागते. आणि खतावणीत रक्कम निधीत टाकली म्हणून ती आयकराच्या हिशेबातूनही सुटली, असं धरून चालू नये. वर्षाच्या उत्पन्नातले ८५ टक्के उद्दिष्टांवर खर्च होण्याची अट असते, त्यामुळे मोठी रक्कम मार्चमध्ये आली तर त्याच महिन्यात लेखापरीक्षकाकडे जावं. पुढच्या वर्षांसाठी राखून ठेवण्याचा अर्ज मुदतीतच करावा लागतो. आमच्या २०२२-२३ च्या देणगी विवरणात, म्हणजे फॉर्म १०बीडीत, बाईंची रक्कम 'इतर' या प्रकारात गेली होती. ते सुधारून भरावं लागलं.

सही होऊन दाखल झालेला मागचा ताळेबंद बदलता येत नव्हता. २०२३-२४ ची पुस्तकं अजून बंद व्हायची होती, त्यात संचित वाढाव्यातून ४,६०,००० रुपये अभ्यासिका निधीकडे वर्ग केले आणि का केले याची टीप ताळेबंदाला जोडली. त्यामुळे संस्थेचा सर्वसाधारण निधी किती कोरडा आहे ते पहिल्यांदा मंडळासमोर आलं. एक विश्वस्त म्हणाले, "आकडे फिरवून तुम्ही आपल्याला गरीब केलंत." मी म्हटलं, "गरीब आपण आधीपासूनच होतो." अनुदानाचा हप्ता आला तेव्हा पगाराचे सव्वा लाख आधी निधीत परत गेले. उरलेले दीड लाख विश्वस्तांच्या आणि सभासदांच्या वर्गणीतून हळूहळू भरले. बाईंना सगळा तपशील बिलांच्या प्रतींसह लेखी कळवला. त्यांनी शांतपणे वाचला आणि व्याजाचं विचारलं. पत्रात व्याजाचा उल्लेख नव्हता; ते निधीतच मिळवायचं ठरलं, आणि इतका काळ बाकी रकमेवर बचत खात्याच्या दराने किती झालं असतं ते काढून तेवढंही वर्ग केलं.

पुढे पुस्तकं आणि लॉकर घेऊन झाल्यावर निधीत १८,४०० रुपये उरले. मंडळात सूचना आली की किरकोळ रक्कम आहे, दिवाळी अंकांना वापरू. ठराव केला तरी ते करता येत नाही. दिलेलं कारण मंडळाला बदलता येत नाही, देणाऱ्याची लेखी संमती लागते. देणारी व्यक्ती हयात नसेल आणि मूळ काम अशक्य झालं असेल, तर न्यास कायद्याच्या कलम ५५ खाली थेट न्यायालयापर्यंत जायची वेळ येऊ शकते. म्हणून उरलेल्या रकमेचं वाक्य पहिल्याच पत्रात घ्या असं मी म्हणतो. बाई हयात होत्या, एका पत्राने काम झालं. त्यांनी मुलांसाठी रोजची दोन वर्तमानपत्रं जास्त लावा असं कळवलं. ते पत्र पहिल्या महिन्याच्या वर्तमानपत्रांच्या बिलाला टाचून ठेवलं आहे, आणि १८,४०० संपेपर्यंत ती बिलं अभ्यासिका निधीतूनच जातात.