कॅलिब्रेशनचा दाखला स्वीकारण्यापूर्वी

सूत रंगवताना रंगाचे वजन किंचित चुकले तरी दोन लॉटच्या शेडमध्ये फरक पडतो. त्यामुळे चादर-टॉवेलच्या धंद्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या सोलापुरात, भवानी पेठेसारख्या भागात, तराजूचा कॅलिब्रेशन दाखला फाइलला लावण्याआधी वाचावा लागतो. शिक्का आणि सही पाहून तो स्वीकारला, तर चूक पुढे शेडमध्ये दिसते.

पहिली तपासणी व्याप्तीची. एनएबीएलच्या संकेतस्थळावर प्रयोगशाळेची मान्यता कॅलिब्रेशनच्या दिवशी चालू होती का, तराजूचा प्रकार व वजनाची मर्यादा तिच्या यादीत आहे का, हे पाहावे. प्रयोगशाळेतील काम आणि ग्राहकाच्या जागी जाऊन केलेले काम यांची मान्यता वेगवेगळी नोंदलेली असते. यादीत दिलेल्या किमान अनिश्चिततेपेक्षा लहान आकडा दाखल्यावर असेल, तर खुलासा मागावा.

खरी कसोटी अनिश्चिततेची. समजा, 0.1 ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या तराजूच्या दाखल्यावर अनिश्चितता ±0.06 ग्रॅम, सुमारे 95 टक्के विश्वासपातळीवर, दिली आहे. 20 किलो सुताला अर्धा टक्का रंग म्हणजे 100 ग्रॅम. त्यावर हा आकडा 0.06 टक्के, म्हणजे नगण्य. पण त्याच शेडमधला तिसरा रंग 0.02 टक्के, म्हणजे 4 ग्रॅम असेल, तर तोच आकडा दीड टक्का होतो. एक टक्क्याच्या आत वजन हवे असेल, तर दाखला बिनचूक असूनही तराजू त्या कामाला चालत नाही. पुन्हा कॅलिब्रेशन करूनही फरक पडणार नाही, कारण ही अनिश्चितता मुख्यतः 0.1 ग्रॅमच्या टप्प्यातूनच येते. तिथे 0.01 ग्रॅमचा तराजू लागतो. दाखल्यात फक्त 100, 200 आणि 500 ग्रॅमचेच बिंदू असतील, तर लहान वजनाबद्दल तो काहीच सांगत नाही. 5 ग्रॅमच्या आसपासचा बिंदू मागून घ्यावा.

त्यानंतर तापमान आणि आर्द्रता. एप्रिल-मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशीपार जातो. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी जागेवर कॅलिब्रेशन झाले आणि दाखल्यावर 25 अंश छापले असतील, तर तो आकडा मोजलेला नसून जुन्या नमुन्यातून उतरलेला असण्याची शक्यता मोठी. त्या दिवशी तापमान कोणी पाहिले, हे विचारावे. तराजू प्रयोगशाळेत नेऊन तपासला असेल, तर परत आणून मांडल्यावर पातळी साधून ज्ञात वजनाने तपासावा.

शेवटी ट्रेसेबिलिटी. ‘राष्ट्रीय मानकांशी जोडलेले’ एवढे वाक्य पुरेसे नाही. वापरलेल्या प्रमाण वजनांचा क्रमांक, त्यांच्या दाखल्याचा क्रमांक, तो देणारी प्रयोगशाळा आणि वैधतेची तारीख यांचा माग लागला पाहिजे. कॅलिब्रेशनच्या दिवशी वजनांची मुदत संपलेली असेल, तर साखळी तिथेच तुटते.

दाखल्यातील यापैकी एक जरी बाब जुळली नाही, तर दाखला दुरुस्तीसाठी परत पाठवावा आणि दुरुस्त दाखला येईपर्यंत त्या तराजूवर लॉटचे वजन करू नये.