निकाल १०० टक्क्यांच्या वर गेला तर? एक्सेलमधला साधा उपाय

अमरावती-अकोल्यात क्लासेस चालवणारे बरेच जण निकालाची शीट बनवतात. त्यांच्यासाठी हा धडा.

दहावीला बोर्ड सहापैकी सर्वोत्तम पाच विषय धरतं, म्हणजे ५०० गुण. इंटरमिजिएट चित्रकलेत ए ग्रेड असेल तर ७ गुण जादा मिळतात. आता समजा, एका मुलीला पाच विषयांत ४९६ आहेत. त्यात ७ मिळवले की ५०३, म्हणजे १००.६ टक्के. असा निकाल बोर्ड देत नाही, १०० वरच थांबतं. आपल्या शीटमध्येही तेच करायचं. B2 मध्ये मूळ गुण, C2 मध्ये जादा गुण, आणि D2 मध्ये:

```
=MIN(500,B2+C2)
```

टक्केवारी काढताना D2 ला ५०० नेच भागा. ५०७ ने भागलं तर जादा गुणांचा फायदा कमी होतो.

मर्यादा फक्त एकूण बेरजेला लावा, विषयाला नको. समजा दुसऱ्या मुलाचे एकूण ४८० आहेत आणि गणितात ९८. ते ७ गुण गणितात टाकून १०० वर कापले तर त्याचे ५ गुण विनाकारण जातात. ४८७ ऐवजी ४८२ च होतात.

एक अडचण मात्र राहते. मूळ ५०० वाली आणि ४९६ वाली, दोघीही १०० टक्के दिसतात. बक्षीस एकच असेल तर B कॉलम बघून द्या, आणि हा नियम निकालाच्या आधीच पालकांना सांगून ठेवा. म्हणून B मध्ये जादा गुण कधीच मिसळू नका.